आधी सैल, मग नेमके : लायडारचा बिंदुमेघ कापताना

विमानातून जमिनीकडे लेझरचे झोत सोडायचे, ते आदळून परत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्यावरून प्रत्येक आदळण्याच्या जागेचा पत्ता काढायचा, हे लायडारचे काम. पत्ता तीन आकड्यांचा असतो : पूर्व-पश्चिम अंतर, उत्तर-दक्षिण अंतर आणि उंची. जंगलावरून उडताना एकच झोत आधी शेंड्याच्या पानाला, मग मधल्या फांदीला आणि उरलासुरला जमिनीला अशा दोन-तीन ठिकाणी लागतो आणि प्रत्येक ठिकाणाचा एकेक बिंदू नोंदला जातो. असे कोट्यवधी बिंदू एकत्र आले की त्याला पॉइंट क्लाउड किंवा बिंदुमेघ म्हणतात. पडद्यावर तो फिरवून पाहिला तर झाडे, घरे, नाले सारे ठिपक्याठिपक्यांतून उभे राहते.

विमान मात्र अभ्यासकाच्या क्षेत्रापुरते उडत नसते. ते पट्ट्यापट्ट्यांनी शेकडो चौरस किलोमीटर प्रदेश टिपते आणि नंतर ती सारी माहिती चौकोनी तुकड्यांत, म्हणजे टाइलमध्ये, विभागून ठेवली जाते. अभ्यासाचे क्षेत्र या चौकोनांशी कधीच जुळत नाही. म्हणून विश्लेषणाआधी आपल्या हद्दीतले बिंदू वेगळे काढून घ्यावे लागतात. या कामाला क्लिप करणे म्हणतात. वरवर पाहता ते कात्री चालवण्याइतके सोपे आहे, आणि सॉफ्टवेअरमध्ये ते खरोखर एका ओळीत होते. अडचण कात्रीची नसते. कोणत्या रेषेवर आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर कापायचे, यावर पुढच्या उंचीचा आणि झाडांच्या मोजणीचा खरेखोटेपणा ठरतो.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले, पीटर्सहॅम गावाजवळचे हार्वर्ड फॉरेस्ट घेता येईल. हार्वर्ड विद्यापीठाने १९०७मध्ये संशोधनासाठी राखलेले हे जंगल. ओक, मेपल, हेमलॉक आणि पाइन ही इथली मुख्य झाडे. देशभरच्या परिसंस्थांवर नजर ठेवणाऱ्या ‘निऑन’ या जाळ्याचा एक मनोरा या जंगलात आहे, आणि त्याच प्रकल्पाचे विमान इथे लायडारची मोजणी करते. ही माहिती कोणालाही मोफत मिळते. समजा, या मनोऱ्याभोवती २०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात किती झाडे आहेत आणि ती किती उंच आहेत, हे शोधायचे आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १२.६ हेक्टर भरते.

निऑनच्या टाइल एक किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद असतात. फाइलच्या नावातच टाइलच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे आकडे मीटरमध्ये दिलेले असतात. मनोऱ्याची जागा पूर्वेकडे ७३२१८३ आणि उत्तरेकडे ४७१३२६५ अशी आहे, म्हणजे तो `732000_4713000` असे आकडे असलेल्या फाइलमध्ये येतो. इथे पुष्कळजण ती एक फाइल उतरवून घेतात आणि कामाला लागतात. पण मनोऱ्याच्या पश्चिमेला २०० मीटर गेले की आकडा येतो ७३१९८३. टाइलची कड ७३२००० वर संपते. म्हणजे वर्तुळाचा १७ मीटर रुंदीचा एक काप शेजारच्या `731000_4713000` या टाइलमध्ये गेला आहे. गणित केले तर हा काप सुमारे १८०० चौरस मीटरचा, साऱ्या क्षेत्राच्या जेमतेम दीड टक्का निघतो.

दीड टक्का ही मोठी अडचणीची मात्रा आहे. दहा-वीस टक्के भाग नसता तर नकाशावर पाहताक्षणी कळले असते. इथे वर्तुळाची डावी बाजू किंचित चपटी दिसते, आणि लहान आकाराच्या चित्रात तेवढेही जाणवत नाही. सॉफ्टवेअरही तक्रार करत नाही, कारण त्याला दिलेल्या फाइलमधून हद्दीतले सगळे बिंदू त्याने इमानाने दिलेले असतात. म्हणून आधी हद्दीची चार टोके काढावीत, ती कोणकोणत्या टाइलमध्ये पडतात ते पाहावे आणि त्या सगळ्या फाइल एकत्र जोडून मगच कापायला घ्यावे. दोन टाइलमध्ये वेगवेगळे कापून तुकडे नंतर चिकटवण्यापेक्षा हे बरे, कारण जोडावरच्या झाडांचे दोन तुकडे होत नाहीत.

यानंतरचा प्रश्न हद्द आणि बिंदुमेघ एकाच मापात बोलतात का, हा. निऑनचा बिंदुमेघ यूटीएम पद्धतीच्या १८व्या उत्तर पट्ट्यात आहे. या पद्धतीत पृथ्वीचे ६० उभे पट्टे पाडून प्रत्येकात मीटरमध्ये अंतरे मोजली जातात. हद्द मात्र बहुतेकदा गूगल अर्थवर माउसने आखलेली किंवा फोनच्या जीपीएसवर टिपलेली असते, आणि ती अक्षांश-रेखांशात असते. मनोऱ्याची जागा तिथे अंदाजे ४२.५ उत्तर, ७२.२ पश्चिम अशी दिसते. हे आकडे तसेच मीटर समजून यूटीएमच्या त्या पट्ट्यात टाकले तर हद्द विषुववृत्तापासून अवघ्या ४२ मीटरवर, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमध्ये जाऊन पडते. तिथे अर्थातच एकही बिंदू नसतो आणि उत्तर येते शून्य.

शून्य येणे ही भाग्याची गोष्ट म्हणायला हवी, कारण चूक लगेच उघडी पडते. घातक चूक लहान असते. अमेरिकेतली कितीतरी सरकारी नकाशांची माहिती ‘नॅड ८३’ या संदर्भ-प्रणालीत असते, तर निऑनची मोजणी ‘डब्ल्यूजीएस ८४’मध्ये. एकाच जागेचे या दोन प्रणालींतले पत्ते त्या खंडात सुमारे एक-दोन मीटरने वेगळे येतात. अनेक सॉफ्टवेअर हा फरक शून्य धरून पुढे जातात. १२ हेक्टरच्या वर्तुळाला दोन मीटर इकडेतिकडे झाले तर सरासरी उंची बदलत नाही, त्यामुळे इथे ही चूक चालून जाते. पण जमिनीवर क्रमांक लावलेले एकेक खोड बिंदुमेघातल्या शेंड्याशी जुळवायचे असेल तर दोन मीटरमध्ये शेजारचे झाड हाती लागते.

मापे जुळत नसली की दोघांपैकी एकाचे रूपांतर करावे लागते. ते नेहमी हद्दीचे करावे, बिंदुमेघाचे नाही. हद्दीला शे-दोनशे कोपरे असतात, मेघात कोट्यवधी बिंदू. पण वेळ वाचतो एवढेच त्याचे कारण नाही. लायडारच्या लास फाइलमध्ये बिंदूंचे पत्ते दशांश आकडे म्हणून साठवलेले नसतात. ते पूर्णांक असतात आणि फाइलच्या सुरुवातीच्या मथळ्यात दिलेल्या ठरावीक गुणकाने, बहुधा सेंटिमीटर किंवा मिलिमीटरच्या हिशेबाने, ते गुणले जातात. रूपांतर केले की प्रत्येक बिंदू नव्याने जवळच्या पूर्णांकावर बसवावा लागतो. गुणक मीटरसाठी ठरवलेला आणि नवे पत्ते अंशांत असतील तर काय होते ते पाहण्यासारखे आहे : एका अंशाचा शंभरावा भाग म्हणजे जमिनीवर किलोमीटरभर अंतर, आणि सारा बिंदुमेघ किलोमीटर-किलोमीटरवरच्या मूठभर खुंट्यांवर गोळा होतो. शिवाय उंची कोणत्या पातळीपासून मोजली आहे, हाही गुंता त्यात येतो. हद्दीला उंचीच नसते, त्यामुळे तिचे रूपांतर निर्धोक होते.

प्रत्यक्ष कापताना यंत्र काय करते ते साधे आहे. आधी हद्दीला बाहेरून स्पर्श करणारा आयत घेऊन त्यापलीकडचे बिंदू एका तुलनेत बाद केले जातात. उरलेल्या प्रत्येक बिंदूपासून एका दिशेला रेषा धरायची आणि ती हद्दीला किती वेळा छेदते ते मोजायचे. विषम वेळा छेदली तर बिंदू आत, सम वेळा छेदली तर बाहेर. हद्द कितीही वाकडीतिकडी असो, मध्ये तळे वगळलेले भोक असो, ही युक्ती लागू पडते.

या साऱ्यात उंचीचा आकडा कुठेच येत नाही. कापणी होते ती फक्त सपाट नकाशावर, आणि हद्दीच्या वर-खाली जे काही आहे ते उभ्या स्तंभासारखे सगळेच्या सगळे बरोबर येते. त्यात विमानाच्या वाटेत आलेला एखादा पक्षी येतो, धुक्याचा ठिपका येतो, आणि उलटसुलट परावर्तनामुळे जमिनीच्या खाली नोंदले गेलेले भुताटकीचे बिंदूही येतात. कापल्यामुळे माहिती स्वच्छ होत नाही, ते काम वेगळे करावे लागते.

आता मुख्य मुद्दा. हद्द २०० मीटरची आहे म्हणून २०० मीटरवरच कापले तर पुढच्या दोन पायऱ्यांवर कड बिघडते.

पहिली पायरी जमिनीची. लायडारमधली उंची समुद्रसपाटीपासून किंवा तत्सम पातळीपासूनची असते. झाडाची उंची हवी तर तिच्यातून झाडाखालच्या जमिनीची उंची वजा करावी लागते. पण प्रत्येक शेंड्याच्या बरोबर खाली जमिनीचा बिंदू असतोच असे नाही. निऑनचे विमान पानोळा बहरलेला असताना उडते, आणि हेमलॉकसारख्या दाट सदाहरित झाडाखाली झोत क्वचितच पोहोचतात. म्हणून जमिनीवरच्या मिळालेल्या बिंदूंना त्रिकोणांनी जोडून एक सलग पृष्ठभाग तयार केला जातो आणि मधल्या जागांची उंची त्यावरून काढली जाते. त्रिकोणाला तीन कोपरे लागतात. हद्दीच्या कडेला असलेल्या शेंड्याच्या त्रिकोणाचा एखादा कोपरा हद्दीबाहेर असतो, आणि तोच आपण कापून टाकलेला असतो.

मग सॉफ्टवेअर काय करते? वनशास्त्रात सध्या खूप वापरले जाणारे, आर भाषेतले लिडआर नावाचे पॅकेज अशा ठिकाणी रिकामी जागा सोडत नाही. ते जवळच्या तीन जमिनीच्या बिंदूंची अंतरानुसार सरासरी घेऊन भर घालते. हेतू चांगला आहे, पण परिणाम समजून घ्यायला हवा. समजा, उतार पाच मीटरला एक मीटर असा आहे आणि कडेच्या झाडाला सर्वांत जवळचे जमिनीचे बिंदू चढाच्या बाजूला चार मीटर आत आहेत. तर त्या झाडाखालची जमीन खऱ्यापेक्षा ८० सेंटिमीटर उंच धरली जाते आणि झाड तेवढेच बुटके ठरते. वर्तुळाच्या उलट बाजूला, जिथे हद्दीबाहेर चढ आहे, तिथली झाडे तेवढीच उंच होतात. सरासरीत दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, आणि म्हणून सरासरी पाहून त्या कधीच सापडत नाहीत.

दुसरी पायरी झाडांची. शेंडे शोधण्याची नेहमीची रीत अशी : एक ठरावीक रुंदीची खिडकी बिंदुमेघावरून फिरवायची आणि ज्या बिंदूपेक्षा खिडकीत दुसरे काही उंच नाही तो शेंडा मानायचा. आता हद्दीबाहेर तीन मीटरवर खोड असलेला एक ओक घ्या. त्याचा पर्णसंभार पाच मीटर त्रिज्येचा आहे, म्हणजे दोन मीटर फांद्या हद्दीच्या आत डोकावतात. नेमके हद्दीवर कापले की खरा शेंडा बाहेर राहिला आणि आत उरल्या या फांद्या. त्यांतला सर्वांत उंच बिंदू, जो बरोबर कापलेल्या कडेवर असतो, तोच शेंडा म्हणून मोजला जातो. असलेले झाड क्षेत्रात नाही, तरी मोजणीत एक झाड वाढले, आणि तेही खऱ्यापेक्षा बुटके. उलट आतल्या कडेच्या झाडांचा शेंडा बरोबर मिळतो, पण फांद्यांचा बाहेरचा भाग तुटल्यामुळे पर्णसंभाराचे क्षेत्रफळ कमी भरते.

हे किती झाडांच्या बाबतीत घडेल ते कडेच्या पट्ट्याच्या क्षेत्रफळावरून कळते. २०० मीटरच्या वर्तुळात कडेचा आतला पाच मीटरचा पट्टा एकूण क्षेत्राच्या पाच टक्के असतो. तेवढे एखाद्याला सोसवेल. पण वनमापनात सर्रास वापरले जाणारे छोटे नमुना-क्षेत्र, समजा २० मीटर त्रिज्येचे, घेतले तर तोच पाच मीटरचा पट्टा जवळजवळ ४४ टक्के होतो. म्हणजे क्षेत्र जितके लहान तितकी कडेची चूक मोठी, आणि नेमक्या लहान क्षेत्रांवरच जमिनीवरची मोजणी करून लायडारची सूत्रे बसवली जातात. त्या सूत्रांत शिरलेली चूक मग पुढे साऱ्या जंगलभर पसरते.

उपाय शिंप्याला ठाऊक असलेलाच आहे : मापावर कापायचे नाही, शिवणीसाठी जादा सोडायचे. बिंदुमेघ आधी हद्दीपेक्षा मोठ्या वर्तुळात कापायचा, जमीन काढणे, उंची वजा करणे, शेंडे शोधणे ही सारी कामे त्या मोठ्या तुकड्यावर करायची, आणि खरी हद्द अगदी शेवटी, तयार झालेल्या निकालांवर लावायची. या जादा पट्ट्याला बफर म्हणतात.

बफर किती असावा याला एक आकडा नाही. झाडांसाठी तो त्या जंगलातल्या सर्वांत मोठ्या पर्णसंभाराच्या व्यासापेक्षा कमी नसावा, म्हणजे कडेवर वाकलेले बाहेरचे झाड आपल्या शेंड्यासकट अख्खे आत येते. जमिनीसाठी तो दाट सावलीतल्या जमिनीच्या बिंदूंमधल्या अंतराच्या काही पट असावा. लिडआर मोठे क्षेत्र तुकड्यातुकड्यांनी हाताळते तेव्हा प्रत्येक तुकड्याभोवती आपणहून ३० मीटर जादा घेते, आणि जंगलासाठी तो सुरुवातीला धरायला वाजवी आकडा आहे. मात्र हा आपोआपचा बफर तुकड्यांच्या आतल्या जोडांसाठी असतो. अभ्यासकाने आधीच काटेकोर कापलेल्या मेघाच्या बाहेरची माहिती तो आणणार कुठून? हार्वर्ड फॉरेस्टच्या उदाहरणात ५० मीटर घेऊ. क्षेत्र १२.६ हेक्टरवरून १९.६ हेक्टरवर जाते, म्हणजे दीडपटीहून थोडे अधिक. दोन टाइल मिळून २०० हेक्टर होतात, त्यांच्या एक दशांशापेक्षा हे अजूनही कमीच. चौरस मीटरला पाच बिंदू धरले तर एका टाइलमध्ये ५० लाख बिंदू होतात. रंगासह साठवलेला एक बिंदू ३४ बाइट घेतो, तेव्हा न दाबलेली एक फाइल १७० एमबीची होते. बफरसकट कापलेला तुकडा ३३ एमबीच्या आसपास राहतो. बफरने सोय फारशी हिरावली जात नाही.

लिडआरमध्ये हे सारे असे लिहिता येते :

```r
library(lidR)
library(sf)

ctg   <- readLAScatalog("HARV/")
tower <- st_sfc(st_point(c(732183, 4713265)),
                crs = st_crs(ctg))
aoi   <- st_buffer(tower, 200)
wide  <- st_buffer(tower, 250)

las   <- clip_roi(ctg, wide)
las   <- filter_poi(las, !Classification %in% c(7L, 18L))
nlas  <- normalize_height(las, tin())
trees <- locate_trees(nlas, lmf(ws = 5))

trees_in <- st_filter(trees, aoi)
final    <- clip_roi(nlas, aoi)
```

पहिल्या गटात फोल्डरमधल्या दोन्ही टाइल एका यादीत जोडल्या आहेत. त्या वेळी बिंदू वाचले जात नाहीत, फक्त प्रत्येक फाइलचा मथळा पाहिला जातो. मनोऱ्याच्या बिंदूला फाइलचीच संदर्भ-प्रणाली दिली आहे. `aoi` ही खरी हद्द आणि `wide` ही सैल हद्द. दुसऱ्या गटात सैल हद्दीने कापून, जमिनीखालचे आणि आकाशातले चुकार बिंदू (प्रचलित वर्गीकरणात त्यांचे क्रमांक ७ आणि १८) काढून उंची व शेंडे काढले आहेत. खरी हद्द शेवटच्या दोन ओळींत दोनदा लागते, आणि या दोन ओळी एकच काम करत नाहीत. झाडांच्या बाबतीत शेंडा आत असला तर अख्खे झाड आत, नाही तर अख्खे बाहेर. बिंदूंच्या बाबतीत मात्र झाड अर्धे कापले गेले तरी चालते, कारण सर्वसाधारण आच्छादन मोजताना आत डोकावणारी बाहेरची फांदीही आतल्या जमिनीवर सावली धरतेच. कोणता निकाल हवा त्यावर कोणती ओळ वापरायची ते ठरते. शेंडे शोधायला शेवटच्या `final`वर बसले तर सारी मेहनत फुकट गेली.

निकाल चौकटींच्या जाळीत, म्हणजे रास्टरमध्ये, हवा असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. २० मीटरच्या चौकटी घेतल्या तर वर्तुळाच्या कडेवरच्या चौकटी अर्धवट भरतात. एखाद्या चौकटीचा केवळ कोपरा हद्दीत असतो आणि त्यात मूठभर बिंदू असतात, तरी तिला पूर्ण चौकटीसारखाच उंचीचा आकडा मिळतो आणि सरासरी घेताना तिला तेवढाच मान मिळतो. बफरसकटच्या मेघावर आधी रास्टर बनवले तर कडेच्या चौकटीही पूर्ण भरतात. मग ज्यांचा मध्यबिंदू हद्दीत आहे त्याच ठेवाव्यात. हद्दीच्या आकाराला पायऱ्या पडतात, पण आकडे खरे राहतात.

काम नीट झाले का, हे ओळखण्याच्या तीन खुणा विशेष उपयोगी आहेत.

```r
st_bbox(final)
nrow(final@data) / as.numeric(st_area(aoi))
```

पहिली ओळ कापलेल्या मेघाची चार टोके दाखवते. पश्चिमेचा आकडा ७३१९८३च्या आसपास आला पाहिजे. तिथे ७३२०००.०० असा गोल आकडा दिसला तर दुसरी टाइल राहून गेली हे नक्की, कारण जंगल असे गोल आकड्यावर कधी संपत नाही. दुसरी ओळ बिंदूंची घनता सांगते. ती मूळ टाइलच्या त्याच परिसरातल्या घनतेशी ताडून पाहावी. निम्मी आली तर काहीतरी सुटले आहे, आणि दुप्पट आली तर एकच टाइल दोन वेगळ्या नावांनी फोल्डरमध्ये पडलेली असण्याची शक्यता मोठी. विमानाचे दोन पट्टे जिथे एकमेकांवर येतात तिथेही घनता वाढते, पण ती लांब सरळ पट्टीच्या रूपाने दिसते, साऱ्या वर्तुळभर नाही. तिसरी खूण डोळ्यांनी पाहायची : शेंड्यांचे ठिपके नकाशावर मांडावेत. हद्दीवर माळेसारखे ओळीने शेंडे लागलेले दिसले तर ते कापलेल्या फांद्यांचे खोटे शेंडे आहेत, बफर सुटला आहे किंवा तो कमी पडला आहे.

हद्द कितीही काटेकोर कापली तरी ती मुळात किती अचूक आखली होती त्यापेक्षा अधिक अचूक होत नाही. दाट झाडीखाली फोनच्या जीपीएसने टिपलेला मध्यबिंदू सहज पाच-दहा मीटर सरकलेला असतो. २० मीटरच्या नमुना-क्षेत्राला तेवढे सरकणे म्हणजे बऱ्याच झाडांची अदलाबदल. अशा ठिकाणी जमिनीवर मोजलेली दोन-चार उठून दिसणारी झाडे बिंदुमेघात ओळखून मध्यबिंदू जागेवर आणावा आणि मगच कापावे.

काही प्रश्नांना बफर पुरतच नाही. झाडाची उंची ही स्थानिक गोष्ट आहे, तिला पन्नास मीटरपलीकडच्या जमिनीशी काही घेणे नसते. पाण्याचे तसे नाही. त्याच वर्तुळातून वाहणाऱ्या ओढ्यात किती पाणी जमेल हे लायडारच्या उंचीवरून काढायचे असेल तर पाणी जिथून सुरू होते ती वरची टेकडीही मेघात हवी, मग ती दोन किलोमीटर दूर का असेना. तिथे वर्तुळाभोवती पट्टा वाढवत बसण्याऐवजी कापण्याची रेषाच बदलावी लागते. आधी कमी बारकाव्याच्या उंचीच्या नकाशावरून ओढ्याचे पाणलोट क्षेत्र आखायचे, त्या पाणलोटाच्या हद्दीने, तिच्याभोवती थोडे जादा ठेवून, बिंदुमेघ कापायचा, आणि प्रवाहाचा हिशेब पुरा झाल्यावर त्यातला वर्तुळापुरता भाग काढून घ्यायचा.